अठ्ठ्याऐंशी रुपयांची चाहूल

मे महिन्यात पाचगणी भरून वाहत असते. टेबल लँडकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि खोल्या अगोदरच लागलेल्या. हॉटेल चालवणाऱ्या माणसाला या दिवसांत जेवायला वेळ नसतो, मग बँकेचे मेसेज कोण वाचणार? अशाच एका हॉटेलचालकाचे क्रेडिट कार्ड उदाहरणादाखल घेऊ. खोल्यांच्या जाहिरातीचे पैसे एका परदेशी संकेतस्थळाला डॉलरमध्ये द्यावे लागतात, म्हणून त्याने कार्डावरचे परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू ठेवले आहेत. सीझन ओसरल्यावर तो स्टेटमेंट उघडतो. पेट्रोल, वाईच्या घाऊक दुकानातला किराणा, चादरी, विजेचे बिल आणि मधेच एक अनोळखी ओळ : अर्धवट तुटलेले इंग्रजी नाव, त्यापुढे अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याची दोन अक्षरे आणि रक्कम 1 डॉलर. डॉलर 88 रुपयांना धरला तर 88 रुपये. त्याखाली दोन बारीक ओळी. परकीय चलनाचे शुल्क साडेतीन टक्के, म्हणजे 3 रुपये 8 पैसे, आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 55 पैसे. एकूण 91 रुपये 63 पैसे.

'असेल कसला तरी चार्ज,' असे म्हणून बहुतेक जण पुढच्या ओळीवर जातात. एवढ्याशा रकमेसाठी ग्राहकसेवेला फोन लावून अर्धा तास गाणी ऐकत बसायला कोणाला सवड आहे? या कंटाळ्याचा हिशेब चोराने आधीच करून ठेवलेला असतो. पण त्याला हे 88 रुपये नकोच असतात. ते त्याला मिळतही नाहीत. ते जातात एखाद्या भलत्याच, बहुधा निर्दोष व्यापाऱ्याच्या किंवा देणगी घेणाऱ्या संस्थेच्या खात्यात. चोराला हवे असते ते फक्त बँकेचे उत्तर : कार्ड चालू आहे की बंद?

चांदीचे रुपये चलनात होते तेव्हा दुकानदार रुपया दगडावर आपटून आवाज ऐकत असे. खणखणीत वाजला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर परत. चोरलेल्या कार्डाची ही छोटी रक्कम म्हणजे तसेच वाजवून पाहणे आहे. या धंद्यात त्याला कार्ड टेस्टिंग म्हणतात.

बँक काय उत्तर देते

कार्डाचा क्रमांक कुठल्याही संकेतस्थळावर भरला की ती माहिती व्यापाऱ्याच्या बँकेकडून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत जाते. काही क्षणांत बँक उत्तर पाठवते. ते उत्तर दोन अक्षरांचा एक संकेत असतो. 00 म्हणजे मंजूर. 14 म्हणजे असा कार्ड क्रमांकच नाही. 54 म्हणजे मुदत संपली किंवा मुदतीची तारीख चुकली. 51 म्हणजे पुरेशी शिल्लक नाही. 05 म्हणजे कारण न देता नकार.

चोराच्या दृष्टीने यातले एकही उत्तर वाया जात नाही. 14 आले तर क्रमांक फेकून द्यायचा. 54 आले तर क्रमांक खरा आहे, फक्त तारीख शोधायची. 51 आले तर कार्ड जिवंत आहे, पगार झाल्यावर पुन्हा बघायचे. म्हणजे नाकारलेला व्यवहारसुद्धा चोराला काहीतरी सांगून जातो. आपण मात्र 'नाकारला ना, मग झाले' असे म्हणून तो मेसेज पुसून टाकतो.

रक्कम लहान ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. बँकेची यंत्रणा प्रत्येक व्यवहाराला जोखमीचे गुण देते. पाचगणीत सकाळी पेट्रोल भरणाऱ्या कार्डावर दुपारी परदेशातून दीड लाखाचा कॅमेरा घेतला गेला तर यंत्रणा दचकते. एका डॉलरची वर्गणी किंवा देणगी दिसली तर सहसा दचकत नाही. शिवाय ती रक्कम एकदा मंजूर झाली की त्या कार्डाला परदेशी व्यवहारांचा ताजा इतिहास मिळतो आणि पुढची मोठी रक्कम किंचित कमी अनोळखी वाटते.

ही चाचणी हाताने एकेक करून होत नाही. हजारो क्रमांकांची यादी एका प्रोग्रामला दिली जाते आणि तो एकामागून एक देणगीच्या, वर्गणीच्या पानांवर क्रमांक भरत सुटतो. देणगीची पाने त्यासाठी विशेष सोयीची असतात, कारण तिथे रक्कम आपणच ठरवायची असते, पत्ता क्वचितच विचारतात आणि माल कुठे पोहोचवायचा नसतो. शेवटी खऱ्या वाजलेल्या क्रमांकांची यादी वेगळी निघते. तिला बाजारात जास्त भाव मिळतो.

हा बाजार भारतीय कार्डांचाही आहे

हा बाजार किती जवळचा आहे, ते 2019च्या ऑक्टोबरअखेर दिसले. 'जोकर्स स्टॅश' नावाच्या, चोरीची कार्डे विकणाऱ्या ठिकाणी 13 लाखांहून अधिक कार्डांची माहिती विक्रीला आली. ग्रुप-आयबी या सायबर सुरक्षा कंपनीला ती आढळली आणि त्यातली 98 टक्क्यांहून अधिक कार्डे भारतीय बँकांची होती. भाव होता प्रत्येकी 100 डॉलर. पुढे 2020च्या फेब्रुवारीत त्याच ठिकाणी आणखी 4 लाख 61 हजार 976 नोंदी आल्या. त्याही जवळजवळ सगळ्या भारतीय होत्या, पण भाव प्रत्येकी फक्त 9 डॉलर होता.

भावात एवढा फरक पडला तो मालाच्या जातीमुळे. पहिल्या साठ्यात कार्डाच्या मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीवरची माहिती होती. ती कोऱ्या कार्डावर उतरवली की नकली कार्ड तयार होते आणि जिथे अजून पट्टी घासून पैसे घेतले जातात तिथे ते चालते. पण या पट्टीवर कार्डामागे छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही नसतो. पट्टीवरचा सुरक्षा आकडा वेगळा असतो. म्हणून एटीएमवर किंवा स्वाइप मशिनवर कोणी पट्टीची नक्कल केली तर त्यावरून ऑनलाइन खरेदी करणे सोपे नसते.

दुसऱ्या साठ्यात कार्ड क्रमांक, मुदत, छापील सीव्हीव्ही आणि त्याबरोबर नाव, ईमेल व फोन क्रमांकही होते. ही माहिती पट्टीवरून मिळत नाही. ती कोणीतरी कुठल्यातरी पानावर स्वतः टाइप केलेली असते. पान बनावट असेल, नाहीतर खऱ्या संकेतस्थळाच्या पानात चोरट्या ओळी घुसवलेल्या असतील.

आपल्या हॉटेलचालकाच्या स्टेटमेंटवरची ओळही असेच काही सांगते. कार्ड हातात असताना ऑनलाइन परदेशी रक्कम मंजूर झाली आहे. म्हणजे निदान क्रमांक आणि मुदत बाहेर गेली आहे, आणि समोरचे पान सीव्हीव्ही मागणारे असेल तर तोही. मग गेल्या काही महिन्यांत हे सगळे आकडे आपण एकत्र कुठे लिहिले, हा प्रश्न स्वतःला विचारायचा. 1 ऑक्टोबर 2022पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार भारतातल्या व्यापाऱ्यांना ग्राहकाचा कार्ड क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी ते टोकन नावाचा पर्यायी क्रमांक ठेवतात. तो दुसऱ्या व्यापाऱ्याकडे चालत नाही. परदेशी संकेतस्थळांना हे बंधन नाही. आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून 'बुकिंग कन्फर्म करायला' व्हॉट्सॲपवर पाठवला असेल, तर कुठलाच नियम मदतीला येत नाही. हॉटेल व्यवसायातच ही सवय फार आहे. पाहुण्याने पाठवलेला फोटो रिसेप्शनच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे पडून असतो.

चोरी न होताही चाचणी

काही वेळा आणखी चमत्कारिक तक्रार ऐकू येते : 'हे कार्ड मी कधीच ऑनलाइन वापरले नाही, मग क्रमांक बाहेर गेला कसा?' उत्तर असे, की तो कदाचित गेलाच नाही. तो तयार केला गेला.

कार्डाचे पहिले सहा ते आठ आकडे बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात. ते गुपित नसतात. एका बँकेच्या एका प्रकारच्या सगळ्या कार्डांचे हे आकडे सारखेच असतात. शेवटचा आकडा तर मोकळा नसतोच. तो आधीच्या सगळ्या आकड्यांवरून गणिताने ठरतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी 1950च्या दशकात ही पडताळणी शोधली, आणि त्यांचेच नाव तिला आहे. रीत सोपी आहे. उजवीकडून मोजत प्रत्येक दुसरा आकडा दुप्पट करायचा, दुप्पट नऊच्या वर गेली तर त्यातून नऊ वजा करायचे आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला तर क्रमांक रचनेने बरोबर. प्रोग्रामर लोक चाचणीसाठी वापरतात तो प्रसिद्ध क्रमांक घेऊन पाहू :

```
4111 1111 1111 1111
दुप्पट केलेले आठ आकडे : 8 + (7 × 2) = 22
तसेच राहिलेले आठ आकडे : 8 × 1 = 8
बेरीज : 30
```

तीसला दहाने भाग जातो, म्हणून क्रमांक ग्राह्य. ही रीत चोराविरुद्ध बनवलेलीच नाही. टाइप करताना एक आकडा चुकला तर पकडावा, एवढाच तिचा हेतू होता. उलट चोराचे काम ती सोपे करते. पहिले आठ आकडे माहीत आणि शेवटचा गणिताने ठरलेला, म्हणजे मधले सातच उरतात. त्यांच्या एक कोटी शक्यता होतात आणि संगणकाला त्यात विशेष काही वाटत नाही.

उरली मुदतीची तारीख आणि सीव्हीव्ही. 2016 साली ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. बँका सहसा पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीची कार्डे देतात. महिने मोजले तर मुदतीच्या 60 शक्यता. सीव्हीव्ही तीन आकडी, म्हणजे 1000 शक्यता. दोन्ही एकदम ओळखायचे असते तर 60 हजार प्रयत्न लागले असते. पण काही संकेतस्थळे फक्त क्रमांक आणि मुदत विचारतात, सीव्हीव्ही विचारतच नाहीत. तिथे आधी मुदत शोधली आणि मग सीव्हीव्ही विचारणाऱ्या पानांवर तो शोधला, तर गुणाकाराऐवजी बेरीज होते : 60 अधिक 1000, म्हणजे फार तर 1060 प्रयत्न. एकाच संकेतस्थळावर इतके प्रयत्न केले तर ते अडवते, म्हणून प्रयत्न शेकडो संकेतस्थळांवर वाटून टाकायचे. प्रत्येकाला वाटते, चार-पाच वेळा चुकले बिचाऱ्याचे. संशोधकांना असे दिसले की मास्टरकार्डच्या जाळ्याने हे वाटलेले प्रयत्न दहाच्या आत ओळखले, व्हिसाच्या जाळ्याने त्या वेळी ओळखले नाहीत.

क्रमांक चोरलेला की ओळखलेला, हे बऱ्याचदा मेसेजच्या रांगेवरून कळते. चोरलेल्या माहितीत पहिलाच प्रयत्न बहुधा नीट लागतो. ओळखून काढलेल्या क्रमांकावर आधी नाकारलेल्या व्यवहारांचे तीन-चार मेसेज येतात, मुदत चुकली, सीव्हीव्ही चुकला असे, आणि मग एखादा मंजूर होतो. त्याच बँकेच्या तशाच कार्डावर ओळखीपाळखीतल्या आणखी कोणाला तसलेच मेसेज आले असतील तर शंका पक्की. अशा वेळी कोणते दुकान फुटले हे शोधत बसण्यात अर्थ नाही. इलाज मात्र दोन्ही प्रकारांत एकच : तो क्रमांक कायमचा बंद करून नवा घेणे.

ओटीपी असताना हे होतेच कसे

भारतात राहणाऱ्याच्या मनात हा प्रश्न यायलाच हवा. रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. तिचेच आजचे सर्वपरिचित रूप म्हणजे ओटीपी. देशातल्या संकेतस्थळावर नुसता क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही घेऊन चोर सहसा पुढे सरकत नाही. पण हा नियम परदेशी व्यापाऱ्याला लागू नव्हता. म्हणून आपल्याकडच्या कार्डाची चाचणी बहुतेक वेळा डॉलर, युरो किंवा पौंडात होते. पाचगणीच्या माणसाच्या स्टेटमेंटवर अमेरिकेतल्या राज्याची दोन अक्षरे येतात ती त्यामुळे. सप्टेंबर 2025मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या निर्देशांत परदेशी ऑनलाइन व्यवहारांसाठीही पडताळणीची सोय 1 ऑक्टोबर 2026पर्यंत उभी करायला बँकांना सांगितले आहे. पण ती परदेशी व्यापाऱ्याने किंवा त्याच्या बँकेने मागितली तरच. न मागणारे व्यापारी जगात राहतीलच.

खरा दरवाजा आपल्याच हातात आहे. जानेवारी 2020च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, की नवे कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप मशिनवर चालेल असेच द्या. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करायचे. प्रत्येकाला मर्यादाही लावता येते. बँकेच्या ॲपमध्ये ही बटणे असतात. आपल्या हॉटेलचालकाने जाहिरातीसाठी परदेशी व्यवहार सुरू केले, त्याला इलाज नव्हता. पण मर्यादा महिन्याच्या जाहिरात खर्चाएवढी ठेवली असती, तर चाचणीनंतरच्या मोठ्या खरेदीला तिथेच खीळ बसली असती. ज्यांना परदेशी व्यवहारच नाहीत त्यांनी ते बटण बंद ठेवावे. मग 'परदेशी व्यवहार बंद असल्याने नाकारला' असा मेसेज आला तर बटणाने काम केले म्हणून समाधान मानायचे आणि क्रमांक बाहेर आहे हेही ओळखायचे.

ओटीपीच्या भिंतीमुळे आणखी एक गोष्ट घडते. क्रमांक, मुदत, सीव्हीव्ही आणि फोन क्रमांक एवढे सगळे ज्याच्या हातात आहे, त्याला देशातल्या खरेदीसाठी एकच गोष्ट कमी पडते. मग तो फोन करतो. 'तुमच्या कार्डावर अमेरिकेतून 1 डॉलरचा व्यवहार झालाय, थांबवायचा असेल तर आलेला ओटीपी सांगा.' चाचणी खरी असते, मेसेजही खरा असतो, त्यामुळे फोनही बँकेचाच वाटतो. बँक व्यवहार थांबवण्यासाठी ओटीपी मागत नाही. ओटीपी सांगितल्याने व्यवहार होतो, थांबत नाही.

सगळ्याच छोट्या रकमा चोराच्या नसतात

उगाच घाबरण्यातही अर्थ नाही. एखाद्या ॲपला दरमहा पैसे कापण्याची परवानगी दिली की पडताळणीसाठी 1, 2 किंवा 5 रुपये कापले जातात आणि बहुधा परत येतात. हॉटेलात शिरताना कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात, ती नंतर सुटते. पाचगणीत जेवलेल्या थाळीचे बिल स्टेटमेंटवर हॉटेलच्या पाटीच्या नावाने न येता मालकाच्या फर्मच्या नावाने येते आणि गाव म्हणून 'सातारा' दिसते. अशा ओळींची खूण अशी, की त्या दिवशी आपण काहीतरी केलेले असते. ॲप घेतलेले असते, खोली घेतलेली असते. त्या वेळेशी ओळ जुळत नसेल, चलन परदेशी असेल आणि घरातल्या कोणालाच ती आठवत नसेल, तर ती चाचणी समजूनच चालावे.

काही वेळा छोटी रक्कम हाच मुख्य डल्ला असतो. 2010 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक टोळी उघड केली. तिने खोट्या कंपन्यांच्या नावाने दहा लाखांहून अधिक कार्डांवर 20 सेंट ते 10 डॉलर अशा रकमा, बहुधा प्रत्येक कार्डावर एकदाच, लावल्या होत्या. एकूण गोळा झाले 90 लाख डॉलरहून अधिक. बहुसंख्य लोकांनी तक्रारच केली नाही. तिथे दुसरा, मोठा व्यवहार कधी येणारच नव्हता.

आणि चाचणीची गरजच पडत नाही, अशी चोरीही महाराष्ट्राने पाहिली आहे. ऑगस्ट 2018मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्यात नकली कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून काढलेली रक्कम मोठी होती. तिथे चोरांनी कार्ड मंजूर करणाऱ्या यंत्रणेलाच बगल देऊन आपले उत्तर पुढे केले होते. सगळ्या प्रश्नांना 'मंजूर' असे उत्तर आपणच देणाऱ्याला कार्ड वाजवून पाहावे लागत नाही. म्हणून छोटी ओळ दिसली नाही म्हणजे सगळे सुरक्षित, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

स्टेटमेंटवर चाचणीची प्रत्येक खूण उमटतेच असेही नाही. तिथे फक्त पूर्ण झालेले व्यवहार येतात. मंजूर होऊन नंतर रद्द केलेली रक्कम काही दिवसांत नाहीशी होते. काही पाने तर शून्य रकमेची पडताळणी करतात. या खुणा मेसेजमध्ये सापडण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेने 2011मध्येच रक्कम कितीही असो, प्रत्येक कार्ड व्यवहाराची सूचना ग्राहकाला द्यायला बँकांना सांगितले होते. महिन्याच्या स्टेटमेंटपेक्षा हे मेसेज पहिला इशारा देतात.

91 रुपयांची तक्रार कशासाठी

आता त्या हॉटेलचालकाकडे वळू. ओळ सापडल्यावर त्याने पहिल्यांदा ॲपमधून कार्ड बंद करावे. नुसते परदेशी व्यवहार बंद करून भागणार नाही, कारण क्रमांक तोच राहतो. मग बँकेला फोन करून तो व्यवहार आपला नसल्याचे कळवावे, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि तेच ईमेलनेही पाठवावे. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर नोंद करावी. नवे कार्ड नव्या क्रमांकाचेच आहे ना, हे पाहावे.

91 रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017च्या परिपत्रकात आहे. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना मधल्या यंत्रणेतून असा व्यवहार झाला आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याला एक पैसाही सोसावा लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर खात्याच्या प्रकाराप्रमाणे जास्तीत जास्त 5, 10 किंवा 25 हजार रुपयांपर्यंतचा भार त्याच्यावर येऊ शकतो. पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला 10 हजार, त्यावरच्या कार्डाला 25 हजार. सात दिवसांनंतर बँकेचे धोरण म्हणेल ते. मेसेज मेमध्ये आला आणि स्टेटमेंट जूनमध्ये उघडले, तर 91 रुपयांपुरती ही मुदत केव्हाच उलटलेली असते. पण खरा मुद्दा त्या रकमेचा नाही. ग्राहकाने ओटीपी सांगण्यासारखी चूक केली असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते, पण एकदा कळवले की त्यानंतर होणारे नुकसान बँकेचे.

मुलाला पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये ठेवून अमेरिकेत राहणाऱ्या पालकांना नियम वेगळे लागतात. तिथल्या क्रेडिट कार्डावर ग्राहकाचा भार कायद्यानेच 50 डॉलरवर थांबतो. डेबिट कार्डाचे स्टेटमेंट मिळाल्यापासून 60 दिवसांत अनोळखी रक्कम कळवली नाही, तर मात्र पुढचे नुकसान अंगावर येऊ शकते. त्यांनी डेबिट कार्डाच्या बारीक ओळी जास्त बारकाईने पाहाव्यात.

आणि एक शब्द पाचगणीतल्या हॉटेल, होमस्टे आणि संस्थांना. तुमच्या बुकिंगच्या किंवा देणगीच्या पानावर रात्री दोन वाजता 10-10 रुपयांचे शेकडो प्रयत्न झाले, त्यातले बहुतेक फसले आणि पुष्कळ कार्डांचे पहिले आकडे सारखे निघाले, तर चोर तुमच्या पानावर कार्डे वाजवून पाहतो आहे. आलेले पैसे ठेवू नका. कार्डधारकांनी ते नाकारले की रकमेसोबत दंडही भरावा लागतो. पेमेंट गेटवेला कळवा, रकमा परत करा, किमान रक्कम वाढवा, एकाच ठिकाणाहून होणाऱ्या प्रयत्नांना मर्यादा घाला आणि परदेशी पाहुणे येत नसतील तर परदेशी कार्डे बंद करा.

बाकीच्यांनी एवढेच करावे : आज बँकेचे ॲप उघडून परदेशी व्यवहारांचे बटण पाहावे आणि न आठवणारी रक्कम, कितीही किरकोळ असली तरी, तीन दिवसांच्या आत बँकेला कळवावी. पुढच्या लाखाच्या नुकसानाचा भार कोणावर पडणार, ते त्या तक्रारीच्या तारखेवरून ठरते.